कुठल्या स्टेशनला मान वर केलीत?

प्रश्न: मी मुलुंडला राहतो. आईच्या शेवटच्या वर्षावर साडेतीन हजार शब्दांचा लेख लिहिलाय, दिवाळी अंकाला पाठवायचा विचार आहे. पंधरा दिवसांपूर्वी पाच जवळच्या माणसांना वाचायला दिला. ‘छान’, ‘मनापासून लिहिलंयस’, ‘डोळ्यांत पाणी आलं’. बहीण तर रडलीच. मला स्वतःला हॉस्पिटलचा भाग लांबल्यासारखा वाटतो, पण त्यावर कुणी काही बोलत नाही. त्यांना नेमकं काय विचारू म्हणजे काहीतरी हाताला लागेल?

तुमची पाचही माणसं खरंच बोलली आहेत, फक्त ती लेखाबद्दल बोललेली नाहीत. आई गेलेली, लिहिणारा तिचा मुलगा, आणि तोच विचारतोय ‘कसा वाटला?’ अशा प्रश्नाला माणूस भेटायला आल्यासारखंच उत्तर देतो. दिवसकार्याला आलेला पाहुणा ‘सातव्या पानावर जरा रेंगाळलं’ असं कधी म्हणतो का? तो तुमचा हात हातात घेतो आणि निघतो. तुमच्या वाचकांनी तेच केलं.

दादरला एका लहानशा दिवाळी अंकाचं काम मी वीसेक वर्षं पाहतोय. आई, वडील, आजी, चाळ, गाव यांवरचे लेख ढिगाने येतात, आणि पुष्कळांबरोबर एक चिठ्ठी असते: ‘ज्यांनी ज्यांनी वाचला त्यांना फार आवडला.’ ती चिठ्ठी खरी असते याबद्दल मला शंका नाही. पण तिच्यामुळे लिहिणाऱ्याचं एक मोठं नुकसान झालेलं असतं: वाचक खर्ची पडलेले असतात. एखादा लेख पहिल्यांदा वाचणं ही गोष्ट एका माणसाला एकदाच करता येते. त्या एका वेळी त्याच्याकडून ‘छान’ एवढंच काढून घेतलं, तर पुढच्या खर्ड्याला त्याचा उपयोग निम्म्याने कमी होतो.

विचारायचं काय, याचं माझं उत्तर एका वाक्यात बसतं. वाचणाऱ्याकडे निकाल मागू नका, वाचताना त्याचं काय झालं याची हकीकत मागा. ‘चांगला आहे का?’ याचं खरं उत्तर द्यायला धाडस लागतं, आणि जवळच्या माणसांना ते नकोच असतं. ‘कुठे थांबलात?’ याला फक्त आठवण लागते. त्यात कुणाचा अपमान होत नाही, उत्तर चुकीचं ठरू शकत नाही, आणि ते उत्तर त्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाकडे नसतं. तुमच्याकडे तर नसतंच, कारण तुम्हाला तुमच्याच लेखातलं पुढचं वाक्य आधीच ठाऊक असतं.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही, माझ्याच एका लेखावर शिकलो. तोच सगळा उलगडून सांगतो.

माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. लागले ट्रामवर, ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम धावली आणि ते बसवर आले. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत, एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत राहायचो. वडिलांवर मी अठ्ठावीसशे शब्दांचा लेख लिहिला. आत खोलीचं वर्णन होतं, खिळ्याला टांगलेली चामड्याची बॅग होती, तिकिटांचा पत्र्याचा डबा होता, मध्ये मुंबईच्या ट्रामचा भलामोठा इतिहास होता, आणि शेवटी त्यांची निवृत्ती. पहिल्या फेरीत मी तुमच्यासारखंच केलं, तीन मित्रांना दिला. तिघांनाही आवडला. एकाने तर ‘छापायला दे’ म्हणून सांगितलं. अंक माझ्याच हातात, त्यामुळे ते फार अवघड नव्हतं. पण लेखात काहीतरी अडकलंय असं मला सारखं वाटत होतं आणि काय ते सापडत नव्हतं.

दुसऱ्या फेरीला मी चार नवे वाचक शोधले, आणि ते मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणचे घेतले. एक छापखान्यातले मुद्रितशोधक, ज्यांना माझ्या वडिलांशी काही देणंघेणं नव्हतं. एक मित्र, आमच्याच चाळीत वाढलेला. एक पुतणीची मैत्रीण, वय बावीस, ठाण्याला राहणारी. कंडक्टरच्या हातातला पंच तिने कधी पाहिलेला नाही. आणि चौथा माझा थोरला भाऊ. चारपेक्षा जास्त वाचक एका वेळी मी घेत नाही. उत्तरं सांभाळता येत नाहीत, आणि पुढच्या खर्ड्याला कोरी माणसं उरत नाहीत.

लेख कागदावर दिला. ए-फोर, दीड ओळीचं अंतर, उजवीकडे दोन बोटं समास, आणि प्रत्येक ओळीला क्रमांक. हे शेवटचं फार कामाचं आहे. वर्डमध्ये Layout, मग Line Numbers, मग Continuous केलं की सलग क्रमांक पडतात. ओळीला नंबर असला की वाचणाऱ्याच्या तोंडून ‘मधे कुठेतरी’ जातं आणि ‘साठ ते नव्वद’ येतं. आधी सांगायची सूचनाही एकच ठेवली: ‘पेन्सिल हातात ठेवा. जिथे वाक्य पुन्हा वाचावं लागलं तिथे समासात उभी रेघ मारा, आणि जिथे नजर पुढे पळाली तिथे फुली. कारण लिहायचं नाही.’ कारण लिहायला सांगितलं की माणूस मास्तर होतो आणि शुद्धलेखन तपासायला लागतो. मुद्रितशोधकांना मला हे दोनदा बजावावं लागलं, तरी त्यांनी सात ऱ्हस्व-दीर्घ काढलेच. सवय.

बाकीचे प्रश्न आधी दाखवले नाहीत. ‘ट्रामचा भाग लांबलाय का ते बघ’ असं आधी सांगितलं, की वाचणारा तिथे पोचण्यापूर्वीच घड्याळ लावून बसतो. मग त्याला भाग लांबलेला वाटला तरी तो लेखामुळे की तुमच्या सूचनेमुळे, हे कळायची सोय राहत नाही.

पुतणीच्या मैत्रिणीने कागद घरी विसरले आणि लेख मोबाइलवर घेतला, सकाळच्या स्लो लोकलमध्ये वाचायला. पेन्सिल-बिन्सिल काही नाही. संध्याकाळी फोनवर मी तिला विचारलं, ‘कुठल्या स्टेशनला मान वर केलीस?’ सहज सुचलेला प्रश्न, पण त्याला तिने विचार न करता उत्तर दिलं. ‘भांडुपला. ट्रामचं चाललं होतं. मग एक रील बघितली आणि कांजूरला परत आले.’ ठाण्याला गाडीत बसायला मिळाल्याबरोबर तिने वाचायला सुरुवात केली होती. भांडुप म्हणजे आठ-नऊ मिनिटं, म्हणजे साधारण चौथ्या पानावर. मुद्रितशोधकांच्या प्रतीवर फुल्या होत्या त्याच पानावर. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची, १९२६ मध्ये बस, असं सगळं मी ओळीने मांडलं होतं. माहिती खरी, पण त्या पाचशे शब्दांत माझे वडील कुठेच नव्हते. ट्रामच्या इतिहासाची मला हौस आहे, एवढंच त्यातून दिसत होतं.

तेव्हापासून मुंबईतल्या वाचकांना मी हा स्टेशनचा प्रश्न बिनधास्त विचारतो. ‘कंटाळा आला का?’ याला ‘छे, नाही हो’ असं उत्तर येतं. स्टेशनचं नाव सांगताना कुणालाच संकोच वाटत नाही, कारण मान वर करण्याचा दोष गर्दीवर, गाडीवर, बाजूच्या माणसाच्या फोनवर टाकता येतो. टाकू द्या. तुम्हाला स्टेशन मिळाल्याशी मतलब.

वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी चौघांना सारखेच तीन प्रश्न विचारले. पहिला: ‘कागद न बघता, लेखात काय काय झालं ते चार वाक्यांत सांगा.’ हा प्रश्न ऐकायला बावळट वाटतो, पण इतका कामाचा दुसरा प्रश्न मला माहीत नाही. लेखाचं वजन कुठे पडलंय हे त्यातून दिसतं. चौघांनीही खिळ्यावरची बॅग सांगितली. तिघांनी निवृत्तीच्या दिवशी बिल्ला परत करतानाचा प्रसंग सांगितला. ट्राम कुणी सांगितली नाही. आणि बसमधला प्रसंग, जो मला लेखाचा कणा वाटत होता, तो चाळीतल्या मित्राशिवाय कुणाच्या तोंडून आला नाही. तो मित्र त्या बसमध्ये स्वतः होता, म्हणून.

प्रसंग असा. मी पंधरा वर्षांचा. शाळेतल्या चार पोरांबरोबर बसमध्ये चढलो आणि कंडक्टर म्हणून समोर बाबा. लेखात मी त्यावर चार ओळी लिहिल्या होत्या: ‘एकदा बाबांच्याच बसमध्ये चढलो. गर्दी फार होती. त्यांनी माझं तिकीट फाडलं, पैसे घेतले, आणि पुढे गेले. आमचं बोलणं झालं नाही.’

दुसरा प्रश्न होता: ‘लेखातला मी कसा माणूस वाटला? मला ओळखता हे विसरा. हा माणूस तुमच्याकडे जेवायला आला तर कसं वाटेल?’ आत्मपर लेखाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण लिहिणारा स्वतःला कागदावर कसा उभा करतो ते त्याला स्वतःला दिसत नाही. आणि वाचणाऱ्याला ‘लेखातल्या माणसाबद्दल’ बोलायची मुभा दिली की तो मोकळा होतो. मुद्रितशोधक म्हणाले, ‘समजूतदार मुलगा आहे. जरा जास्तच समजूतदार आहे.’ मित्र म्हणाला, ‘तू कुठे एवढा शहाणा होतास रे?’ मुलगी म्हणाली, ‘छान आहेत काका, पण ते सगळं लांबून बघतायत असं वाटतं. भांडणात नसलेल्या शेजाऱ्यासारखे.’ तीन वेगळी माणसं, तीन वेगळी वाक्यं, आणि बोट एकाच जागी.

तिसरा प्रश्न: ‘वाचताना मनात एखादा प्रश्न आला आणि त्याचं उत्तर लेखात मिळालं नाही, असं झालं का?’ यावर बहुतेक लोक ‘नाही’ म्हणतात. जरा थांबायचं, गप्प बसायचं, मग येतं. मुलगी थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘एक विचारू का? वडीलच कंडक्टर होते, तर त्यांनी पैसे का घेतले?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की हे उत्तर मी चाळीस वर्षं कुणाला दिलेलं नाही. त्यांनी पैसे घेतले, कारण मी पैसे पुढे केले. ओळख दाखवली नाही. बरोबरच्या पोरांपैकी एकाचे वडील बँकेत होते, एकाचे मंत्रालयात. मी खिडकीकडे बघत हात पुढे केला आणि म्हणालो, ‘एक परळ.’ बाबांनी माझ्याकडे इतर कुठल्याही उतारूकडे बघावं तसं बघितलं, तिकीट पंच केलं, सुट्टे मोजून हातावर ठेवले. रात्री घरी आले तेव्हा बॅग खिळ्याला लावली आणि जेवायला बसले. त्याबद्दल कधी बोलले नाहीत. ‘गर्दी फार होती’ हे माझ्या लेखातलं वाक्य खोटं नव्हतं, पण मी त्याच्या आड लपलो होतो. गर्दी रोजच असायची.

नव्या खर्ड्यात ट्रामचे पाचशे शब्द दोन ओळींवर आले आणि बसमधल्या चार ओळींचं दीड पान झालं. बॅग सगळ्यांना आठवत होती, म्हणून ती तशीच ठेवली. फक्त त्या रात्री ती खिळ्याला लागली, ही एक ओळ तिला जोडली. लेखाची लांबी जवळपास तेवढीच राहिली.

आता हे नीट बघा: ‘बसचा प्रसंग वाढव’ असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. चाळीतला मित्र सोडला तर कुणाला तो आठवलाही नव्हता. त्या मुलीला एवढंच कळलं होतं की काहीतरी जुळत नाही. वाचणारा ‘कुठे’ हे फार अचूक सांगतो, ‘का’ हे अंदाजाने सांगतो, आणि ‘काय करावं’ हे बहुतेक वेळा चुकीचं सांगतो. मुद्रितशोधकांची सूचना होती की ‘मुलगा फार समजूतदार वाटतो, तर त्याच्या तोंडी एखादा विनोद घाला.’ मित्राची सूचना होती की चाळीतल्या क्रिकेटचं एक पान घाल, म्हणजे तू खराखुरा वाटशील. दोन्ही उपाय मी बाजूला ठेवले, पण दोघांनी दाखवलेली जागा ठेवली. एकाच जागी दोघांनी उलटसुलट औषधं सुचवली, एक म्हणतो कापा आणि दुसरा म्हणतो वाढवा, तर गोंधळून जाऊ नका. तिथे काहीतरी बिनसलंय एवढं नक्की झालं, आणि काय ते शोधणं आता तुमचं काम.

एकट्यानेच दाखवलेल्या जागेचं काय करायचं? बहुतेक सोडून द्यायची. अपवाद एकच: ते ऐकून तुम्हाला चटकन राग आला असेल किंवा समजावून सांगावंसं वाटलं असेल, तर ती जागा दोन दिवसांनी पुन्हा बघायची.

समजावण्याबद्दल थोडं सांगतो, कारण यात मी स्वतः वाईट मार खाल्लाय. त्या लेखाच्याही आधी, एका मैत्रिणीने माझ्या दुसऱ्या एका खर्ड्याबद्दल ‘इथे आत्या अचानक कुठून आली?’ असं विचारलं. आम्ही दादर टी.टी.ला चहा पीत होतो. मी तिला आत्याचं लग्न, तिचं माहेरी परत येणं, काकांशी झालेलं भांडण, सगळं दहा मिनिटं सांगितलं. ती म्हणाली, ‘हां, मग बरोबर आहे.’ मीही खूश. घरी आल्यावर कळलं की कागदावर एक अक्षर बदललेलं नाही, आणि आता तिला सगळं माहीत असल्यामुळे ती त्या लेखाची वाचक उरलेली नाही. तेव्हापासून वाचक बोलत असताना मी फक्त लिहून घेतो, आणि तेही त्याच्याच शब्दांत. ‘शेजाऱ्यासारखे’ हा शब्द मी तसाच उतरवला होता म्हणून तो मला टोचत राहिला. ‘अलिप्तता जाणवते’ असं माझ्या भाषेत टिपलं असतं तर एव्हाना विसरलो असतो.

थोरल्या भावाकडे वळतो, कारण तुमच्या बहिणीचा प्रश्न तोच आहे. घरच्या माणसाला लेखनाबद्दल काही विचारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला लेख दिसतच नाही, त्याला बाबा दिसतात. खरं तर त्याला वरचे तीन प्रश्न मी निव्वळ सारखेपणासाठी विचारले; उत्तरं मी बाजूलाच ठेवली. पण दोन गोष्टी घरच्याच माणसाला विचारता येतात. एक, ‘यात माहितीची चूक कुठे आहे?’ भावाने सांगितलं की बॅग खिळ्याला नसायची, दाराच्या कडीला असायची. आम्ही अर्धा तास वाद घातला. शेवटी मी खिळाच ठेवला, पण ‘मला आठवतो तो खिळा’ असं लिहिलं. दोन भावंडांच्या आठवणी जुळत नसतील तर निवाडा करायची गरज नसते, आठवण कुणाची ते लिहिलं की पुरतं. वडील कुठल्या साली लागले, हे मात्र मी दोन वर्षांनी चुकवलं होतं आणि ते त्याने पकडलं.

दुसरा प्रश्न: ‘हे छापून आलं तर तुला कुठलं वाक्य बोचेल?’ असाच विचारायचा, ‘काही हरकत नाही ना?’ असा नाही. हरकत विचारली की घरची माणसं मोठ्या मनाने ‘नाही’ म्हणतात आणि अंक हातात पडल्यावर चार महिने बोलत नाहीत. भावाने एका वाक्यावर बोट ठेवलं, त्याच्या लग्नातल्या कर्जाचं. ते मी काढलं. लेखाचं त्यावाचून काही अडत नव्हतं. अडलं असतं, तर त्याच्याशी आणखी बोलावं लागलं असतं.

आता तुमचा हॉस्पिटलचा भाग. तुम्हाला शंका आहे, ती वाचकाला सांगू नका. ‘हॉस्पिटलचं लांबलंय का?’ असं विचारलंत की भिडस्त माणूस ‘नाही, नाही’ म्हणतो, आणि जरा धीट माणूस तुम्हीच म्हणताय म्हणून ‘हो, थोडं’ म्हणतो. दोन्ही उत्तरांची किंमत शून्य. त्याऐवजी विचारा: ‘हॉस्पिटलच्या भागातलं काय आठवतं?’ समजा तो भाग नऊशे शब्दांचा आहे, आणि तिघांनाही त्यातला फक्त रात्री कॅन्टीनमधून आणलेला चहा आठवतो. मग चहाच्या आजूबाजूचे दीडदोनशे शब्द जिवंत आहेत, आणि बाकीच्यात रिपोर्ट, वॉर्ड, डॉक्टरांच्या फेऱ्या असं काहीतरी असणार, जे तुम्ही जगलात म्हणून तुम्हाला टाकवत नाही. उलट त्यांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर भाग लांबलेला नाही. तो तुम्हाला लिहिताना जड गेला, म्हणून लांब वाटतोय. हेही पुष्कळदा होतं.

आणि एखादा वाचक काही केल्या हलतच नाही, ‘सगळंच छान, काही बदलू नकोस’ यावर अडून बसतो, त्याच्यासाठी एक युक्ती आहे. त्याला सांगा: ‘अंकाला अडीच हजारच शब्द हवेत. हजार काढायचेत. तू असतास तर कुठले काढशील?’ यात लबाडी फारशी नाही, कारण अंकांना शब्दमर्यादा असतेच, आणि साडेतीन हजारांचा लेख पाठवलात तर कुणीतरी तो कापणारच आहे. पण या प्रश्नाने कापण्याचं पाप संपादकाच्या माथी जातं आणि वाचकाचे हात मोकळे होतात. पाच मिनिटांपूर्वी ‘एक शब्द बदलू नकोस’ म्हणणारा माणूस बिनदिक्कत दीड पान उडवतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता हसू येतं. त्याने काय काढलं यापेक्षा काय वाचवलं ते बघा. दोन-तीन जणांनी हजार-हजार शब्द काढूनही जो परिच्छेद सगळ्यांनी ठेवला, तो तुमच्या लेखाचा गाभा आहे, आणि तो बहुतेक वेळा तुम्ही समजत होता तो नसतो.

या प्रश्नांनी लेख छापण्याजोगा आहे की नाही ते कळणार नाही, भाषेचा दर्जाही कळणार नाही. त्यासाठी संपादकाकडेच जावं लागतं. वाचता वाचता माणूस कुठे पोचला, कुठे सुटला आणि काय घेऊन घरी गेला, एवढंच यातून मिळतं. आणि प्रश्न वाढवू नका. सुरुवातीला मी एकदा अकरा प्रश्नांचा कागद काढला होता; उत्तरं शाळेच्या पेपरसारखी आली, प्रत्येक प्रश्नाला दोन ओळी, सगळी सारखी. व्हॉट्सॲपवर टाइप केलेली उत्तरंही मी टाळतो, तिथे हात जोडलेले आणि अंगठे येतात. फोन करा, नाहीतर दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज मागा. बोलताना माणूस ‘म्हणजे तसं चांगलंच आहे, पण...’ म्हणतो, आणि त्या ‘पण’नंतरचं टाइप करताना तो खोडून टाकतो.

तुमचे पाच वाचक पूर्ण वाया गेलेले नाहीत. पंधरा दिवस झालेत, हे उलट कामाला येईल. बहीण सोडून बाकीच्या चौघांना या आठवड्यात फोन करा, लेख पुन्हा पाठवू नका, आणि विचारा: ‘आज न बघता त्यातलं काय आठवतंय?’ पंधरा दिवसांनी जे उरलं असेल ते लिहून घ्या. मग हजार शब्द कापण्याचा प्रश्न, आणि त्यासाठी हवा तर लेख परत उघडू द्या. एवढ्यावर नवा खर्डा करा आणि तो या चौघांना न देता दोन कोऱ्या माणसांना द्या, त्यातला एक तरी तुमच्या आईला कधीही न भेटलेला असावा. त्या दोघांना पेन्सिल, ओळींचे क्रमांक आणि वरचे तीन प्रश्न. दिवाळी अंकांची जुळवाजुळव गणपतीच्या आधीच सुरू होते, तेव्हा हे सगळं तीन आठवड्यांत बसवा.

बहिणीकडे मात्र स्वतः जा, प्रिंट घेऊन. तारखा, औषधांची नावं, शेवटच्या दिवशी खोलीत कोण कोण होतं, हे तिच्याकडून तपासून घ्या. मग विचारा, छापून आलं तर कुठलं वाक्य बोचेल. आणि ती कुठे रडली ते जमलं तर हळूच विचारून ठेवा. बहुतेक ती लेखात नसलेल्याच एखाद्या गोष्टीवर रडली असेल.